बुकिंग साइट म्हणते ‘पूर्ण रिफंड दिला’, मग कार्डावर 2,028 रुपये कमी का आले?

दारव्हेकर_27 (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बँकॉकच्या हॉटेलचं बुकिंग होतं, तीन खोल्या, चार रात्री. मोफत रद्द करता येणारं. तारखा पुढे गेल्या म्हणून मुदतीच्या आत रद्द केलं. साइटवर 31,800 रुपये दिसत होते. क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर हे आलं आहे, नावं-नंबर काढून जसंच्या तसं टाकतो:

```
12 JUL  HOTEL BKG BANGKOK  THB 12,000.00   31,680.00
12 JUL  FCY MARKUP FEE                      1,108.80
12 JUL  IGST @18%                             199.58
04 AUG  HOTEL BKG BANGKOK  THB 12,000.00   30,960.00 CR
```

गेले 32,988.38, आले 30,960. मध्ये 2,028.38 गायब. साइटची मेल म्हणते पूर्ण रिफंड झाला. बँक म्हणते, आमच्याकडे जेवढे आले तेवढे जमा केले. दोघंही हात वर करून मोकळे. खरं कोण बोलतंय, आणि 31,800 चा आकडा आला कुठून?

---

मोर्शीचा_संत्रेवाला

हॉटेलनं रद्द करण्याचे पैसे कापले असतील, दुसरं काय. ‘मोफत’ लिहितात आणि खाली बारीक अक्षरात सर्व्हिस चार्ज ठेवतात. साइटवाल्यांनाच धरा, बँकेच्या मागे लागून उपयोग नाही.

---

जुना_कॅशियर

संत्रेवाले भाऊ, तसं होतं कधी कधी, पण इथे झालेलं नाही. दारव्हेकरांनी स्टेटमेंट टाकलं ते बरं केलं, उत्तर त्यातच आहे.

रुपयांकडे पाहू नका, THB लिहिलेल्या दोन आकड्यांकडे पाहा. 12 जुलैला 12,000 बाथ गेले, 4 ऑगस्टला 12,000 बाथ आले. एक बाथही कापलेला नाही. म्हणजे साइट खरं बोलते आहे, तिच्या हिशोबात रिफंड पूर्ण आहे. बँकही खरं बोलते आहे, कारण त्या दिवशी 12,000 बाथाचे जेवढे रुपये झाले तेवढे तिनं जमा केले. खोटं कोणीच बोलत नाही, पैसे मात्र तुमचे गेले. बाथाचा परतीचा आकडा कमी असता, तर संत्रेवाले भाऊंचं म्हणणं बरोबर ठरलं असतं आणि भांडण साइटशी करावं लागलं असतं.

आता 2,028.38 कुठे गेले ते पाहू.

जाताना एक बाथ 2.64 रुपयांना धरला गेला (31,680 भागिले 12,000). येताना 2.58 ला. हा दर तुमची बँक ठरवत नाही, कार्डाचं जाळं म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्ड ठरवतं, आणि व्यवहार त्यांच्याकडे ज्या दिवशी हिशोबाला लागतो त्या दिवसाचा दर लागतो. रिफंड हा त्यांच्या लेखी जुना व्यवहार पुसणं नसतं. तो उलट्या दिशेचा नवा व्यवहार असतो, म्हणून त्याला नवा दर. सहा पैशांचा फरक गुणिले 12,000, म्हणजे 720 रुपये.

उरले 1,308.38. त्यातले 1,108.80 हा बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप आणि 199.58 हा त्या मार्कअपवरचा 18 टक्के जीएसटी. जाताना लागले, येताना परत आले नाहीत. बँकेचं म्हणणं असं की परकी चलनातला व्यवहार आम्ही करून दिला, ते काम झालं, त्याची फी झाली. तुम्ही हॉटेलात राहिलात की नाही याच्याशी तिला देणंघेणं नाही.

720 अधिक 1,108.80 अधिक 199.58. बेरीज जुळते.

---

दारव्हेकर_27

कॅशियर काका, आता उजेड पडला. पण मी साइटवर वरच्या कोपऱ्यात चलन रुपयेच निवडलं होतं. शेवटपर्यंत 31,800 रुपयेच दिसले. मग बाथ मध्येच कुठून आले?

---

वणीची_ताई

इथेच सगळे फसतात. वरच्या कोपऱ्यात तुम्ही जे निवडता ते ‘दाखवायचं’ चलन. ‘कापायचं’ चलन वेगळं असू शकतं. काही साइटवर दोन्ही एकत्र बदलतात, काहींवर फक्त दिसणारा आकडा बदलतो आणि कार्डावर जातात हॉटेलच्या देशाचेच पैसे. एकाच साइटवर एका हॉटेलला एक पद्धत आणि शेजारच्या हॉटेलला दुसरी असंही होतं, कारण कुठे पैसे साइट घेते तर कुठे साइट कार्डाचा नंबर पुढे पाठवते आणि हॉटेल स्वतः घेतं.

तुमचा 31,800 हा अंदाज होता. साइटनं आपल्या दरानं, बहुतेक 2.65 नं, बाथाचे रुपये करून दाखवले. तुमच्या बँकेचा मार्कअप तिला माहीत नसतो, त्यामुळे तो त्यात धरलेला नव्हता.

पैसे भरायच्या बटणाच्या अगदी वर किंवा किमतीच्या तपशिलात एक ओळ असते. शब्द वेगवेगळे, अर्थ एकच: ‘तुमच्याकडून THB मध्ये रक्कम घेतली जाईल, INR मधली रक्कम अंदाजे आहे.’ मोबाइलवर ही ओळ बहुतेक वेळा ‘किमतीचा तपशील’ उघडल्याशिवाय दिसतच नाही. बुकिंगच्या पक्क्या मेलमध्येही ती असते. तुमची मेल उघडून पाहा, मी पैजेवर सांगते.

---

सेतूवाला_आर्णी

आमच्या सेंटरवर लोकांची बुकिंगं करून देतो, म्हणून दोन खुणा सांगतो. भरणा पानावर यूपीआयचा पर्याय दिसला, तर समजायचं की रक्कम रुपयात आणि भारतातल्याच खात्यावर चालली आहे, मार्कअपचा प्रश्न नाही. दुसरी खूण म्हणजे कार्ड टाकल्यावर ओटीपी न येता थेट ‘बुकिंग पक्कं’ असं आलं, तर पैसे परदेशी गेटवेतून गेले. ओटीपी आला म्हणजे देशातलाच व्यवहार असं उलटं मात्र धरू नका, काही परदेशी साइटही ओटीपी मागतात.

आणि एक सरळ नियम सांगतो, मोठमोठे प्रवासवाले हेच सांगतात: रुपयात भरू का, तिथल्या चलनात भरू का असं विचारलं, तर नेहमी तिथलं चलन निवडायचं. रुपये निवडले की ते मनमानी दर लावतात. दारव्हेकर भाऊचे पैसे बाथात कापले ते चांगलंच झालं, रुपयात आणखी गेले असते.

---

जुना_कॅशियर

सेतूवाले, खुणा दोन्ही पक्क्या. नियम मात्र अर्धा.

तो नियम काउंटरचा आहे. तुम्ही बँकॉकच्या हॉटेलात उभे आहात, मशीनवर कार्ड लावलं, आणि मशीन विचारतं INR की THB. तिथे THB म्हणायचं, शंकाच नको. मशीनवाला रुपयाचा दर लावताना आपला नफा घालतो आणि तो बराच असतो. शिवाय तिथे पैसे खर्च होऊन गेलेले असतात, रिफंड मागायची वेळ क्वचितच येते.

ऑनलाइन आणि रद्द होऊ शकणाऱ्या बुकिंगचा हिशोब निराळा. दारव्हेकरांचंच बुकिंग रुपयात मांडून पाहू. समजा साइटनं रुपयात घेताना बाजारभावावर तीन टक्के चढवले. 31,680 चे 32,630.40 झाले. साइट परदेशात नोंदलेली असेल तर रुपयात भरणा असूनही बऱ्याच बँका एक टक्क्याच्या आसपास वेगळी फी लावतात, ती सगळ्यांच्या लक्षात येत नाही. एक टक्का धरला तर 326.30, त्यावर जीएसटी 58.73. एकूण 33,015.43.

बाथात 32,988.38, रुपयात 33,015.43. फरक फक्त 27 रुपयांचा. साडेतीन टक्क्याचं कार्ड असलं की जाताना दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच पडतात.

खरा फरक येताना पडतो. रुपयात घेतलेले रुपयातच परत येतात, 32,630.40 चे 32,630.40. बाथ वर गेला काय, खाली आला काय. बुडाले फक्त 385 रुपये, तेही बँकेच्या फीचे. बाथात बुडाले 2,028.

---

बुलढाणा_घाट

एवढा किस कशाला काढता बाप्पा? नागपुरातूनच रोख बाथ घेऊन जायचे, विमानतळावर घेऊ नका, तिथे दर वाईट असतो. रोख असले की कार्डाची कटकटच नाही.

---

वणीची_ताई

बुलढाणा भाऊ, प्रश्न तिथे जाऊन खर्चायच्या पैशांचा नाही. बुकिंग इथून, घरून, कार्डावर झालं होतं आणि रद्दही इथूनच झालं. रोख बाथ साइटच्या पानात कसे घालणार?

---

अकोल्याचा_हिशोबी

कॅशियर काकांच्या गणितात एक गोष्ट राहिली. दर नेहमी खालीच जातो असं थोडीच आहे! बाथ महागला असता तर रिफंड जास्त आला असता आणि दारव्हेकर भाऊ फायद्यात राहिले असते. रुपयात भरलं की ती संधीही जाते.

---

जुना_कॅशियर

संधी आहे, पण किती ते मोजा. गेलेले सगळे 32,988.38 परत यायला 12,000 बाथाला काय दर हवा? भागून पाहा, सुमारे 2.75 येतो. 2.64 वरून 2.75, म्हणजे बाथ 4.13 टक्के महागायला हवा, तेव्हा कुठे तुम्ही शून्यावर येता, फायदा त्याच्या पुढे. हा 4.13 कुठून आला? साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी, बस. म्हणजे शर्यतीत तुम्ही 4.13 टक्के मागून धावायला सुरुवात करता. आणि बुकिंग ते रद्द, यात तीन-चार आठवडेच असतात.

दोन टक्क्याचं कार्ड असेल तर हाच आकडा 2.36 होतो.

---

अकोल्याचा_हिशोबी

आणि शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर शून्य. माझ्याकडे तेच आहे. त्या कार्डावर बाथातच भरणं शहाणपणाचं, कारण जाताना तीन टक्के थेट वाचतात आणि येताना फक्त दराची जोखीम राहते, ती दोन्ही बाजूंना सारखीच. त्यामुळे ‘रुपयातच भरा’ हाही सरसकट नियम करू नका.

---

जुना_कॅशियर

मान्य. आपल्या कार्डाचा मार्कअप किती, ते आधी पाहायचं, मगच चलन निवडायचं. बँकेच्या शुल्क तक्त्यात ‘परकी चलन व्यवहार’ किंवा ‘क्रॉस करन्सी मार्कअप’ अशी ओळ असते. तुमचा साडेतीन आहे हे स्टेटमेंटवरून कळतंच: 1,108.80 भागिले 31,680.

‘दोन्ही बाजूंना सारखीच’ हे मात्र मी जरा सैल धरीन. खरेदीला लागणारा दर आणि रिफंडला लागणारा दर एकाच दिवशीसुद्धा किंचित वेगळे असू शकतात, घेण्याचा आणि देण्याचा भाव असतो तसा. त्यामुळे शून्य मार्कअपच्या कार्डावर लगेच रद्द केलं, तरी पाच-पंचवीस रुपये इकडेतिकडे होतात.

---

तिरोड्याचा_मास्तर

आमच्याकडून लुंबिनीला जाणारे पुष्कळ. त्यांना ही चिंता नाही. नेपाळी रुपया आपल्या रुपयाला बांधलेला आहे, 100 भारतीय म्हणजे 160 नेपाळी, 1993 पासून तोच दर. दर हलतच नाही, मग रिफंडमध्ये तूट कशी येणार? बुकिंग कोणत्याही चलनात करा, सारखंच.

---

वणीची_ताई

मास्तर, दर बांधलेला आहे हे खरं. पण दोन गोष्टी सुटल्या.

एक तर मार्कअप दर हलतो म्हणून लावत नाहीत, चलन वेगळं आहे म्हणून लावतात. नेपाळी रुपयात भरणा झाला तरी साडेतीन टक्के आणि जीएसटी लागणार, आणि रद्द केल्यावर तेवढे जाणार. फक्त दराचा भाग वाचतो.

दुसरं म्हणजे नेपाळातली बरीच हॉटेलं बुकिंग साइटवर भाडं डॉलरमध्ये लावतात. पर्यटक जगभरचे, म्हणून डॉलर. तुम्हाला पडद्यावर भारतीय रुपये दिसतात, कार्डावर जातात USD. मग 1.60 चा बांधलेला दर काय कामाचा? तिथे रुपया-डॉलरचा दर चालतो आणि तो रोज हलतो. लुंबिनीच्या खोलीचं बुकिंग असलं तरी रिफंडमध्ये डॉलरचा फटका बसू शकतो.

---

तिरोड्याचा_मास्तर

हे डॉलरचं लक्षात नव्हतं. पुढच्या खेपेला ती बारीक ओळ वाचतो. गटानं जाणाऱ्यांना सांगावं लागेल, वीस-वीस जणांचं बुकिंग एकाच कार्डावर करतात.

---

गडचिरोली_नेट

माझा घोळ वेगळा आहे पण विषय हाच वाटतो. डेबिट कार्डावर बुकिंग केलं, दोन तासांत रद्द केलं. खात्यातून रक्कम कमी झाली आहे, आठवडा झाला, रिफंडची एंट्रीच नाही. साइट म्हणते आमच्याकडे पैसे आलेच नाहीत. स्टेटमेंटवरही दिसत नाही, फक्त शिल्लक कमी दिसते. दारव्हेकर भाऊसारखेच माझेही पैसे कापले जातील का?

---

जुना_कॅशियर

तुमचं उलट आहे, आणि एका परीनं बरं आहे. तुमचे पैसे गेलेले नाहीत, अडकवलेले आहेत. कार्ड चालल्याबरोबर बँक रक्कम राखून ठेवते. खरी वसुली एक-दोन दिवसांनी, हॉटेल किंवा साइट हिशोब पाठवते तेव्हा. तुम्ही त्याच्या आधीच रद्द केलं, साइटनं वसुली पाठवलीच नाही, म्हणून ‘आमच्याकडे आले नाहीत’ हे तिचं म्हणणं खरं. वसुलीच झाली नाही तर बदललेल्या दराचा प्रश्न येत नाही, आणि राखलेली रक्कम सुटते तेव्हा जशीच्या तशी सुटते. मार्कअप आधीच राखला असेल तर तोही.

ओळखायचं कसं? स्टेटमेंटवर पक्की ओळ नाही पण वापरता येणारी शिल्लक कमी आहे, ही राखीव रकमेची खूण. आणखी पक्की खूण हवी असेल तर साइटला रिफंडचा एआरएन मागा. हा 23 आकडी क्रमांक असतो. खरा रिफंड निघाला असेल तर साइट तो देऊ शकते आणि त्यावरून तुमची बँक तो शोधू शकते. नुसता भरणा रद्द झाला असेल तर रिफंडचा एआरएन नसतोच. मग साइटकडून ‘व्यवहार रद्द केला, वसूल केला नाही’ अशी मेल घ्या आणि ती बँकेला देऊन राखीव रक्कम सोडायला सांगा. आपोआपही सुटते, पण डेबिट कार्डावर पैसे आपलेच अडकलेले असतात, पेरणीच्या दिवसांत कोण वाट पाहील?

---

गडचिरोली_नेट

हाव, बरोबर. शिल्लक कमी आहे, ओळ नाही. मेल मागतो.

---

सेतूवाला_आर्णी

माझा नियम अर्धा निघाला ते मान्य. मग गिऱ्हाइकाला आता काय सांगू? तारीख पक्की नाही, पासपोर्ट यायचा आहे, पण हॉटेल धरून ठेवायचं आहे, असे पुष्कळ येतात.

---

वणीची_ताई

तारीख पक्की नसेल तर चलनाच्या वादातच पडू नका. ‘हॉटेलवर पैसे भरा’ किंवा ‘नंतर भरा’ असा पर्याय घ्या. आज कार्डावरून काहीच गेलं नाही तर रिफंड कशाचा आणि दर कशाचा? रद्द केलं की विषय संपला.

दोन ठिकाणी जपायचं. ‘नंतर भरा’ मध्ये एक तारीख लिहिलेली असते, त्या दिवशी कार्डावरून रक्कम आपोआप जाते. बऱ्याचदा मोफत रद्द करण्याची मुदतही त्याच सुमारास संपते. मुदत हॉटेलच्या गावच्या घड्याळानं असते, बँकॉक आपल्यापुढे दीड तास आहे. तिथले रात्रीचे 12 म्हणजे आपले साडेदहा. आणि काही हॉटेलं कार्ड चालतं का पाहायला थोडी रक्कम अडकवतात, ती कॅशियर काकांनी सांगितली तशी सुटते.

पर्याय नसेल, आधीच पैसे भरायचे असतील आणि रद्द होण्याची शक्यता असेल, तर साध्या कार्डावर रुपयात, शून्य मार्कअपच्या कार्डावर तिथल्या चलनात. जाणं पक्कंच असेल तर दोन्ही आकडे काढून स्वस्त ते.

---

सेतूवाला_आर्णी

‘दोन्ही आकडे काढून’ म्हणजे कसे? दर कुठला धरायचा?

---

वणीची_ताई

व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही संकेतस्थळावर दर काढायचं पान आहे. तारीख, रक्कम, व्यवहाराचं चलन, कार्डाचं चलन आणि बँकेची फी किती टक्के, एवढं विचारतं. साइटवर चलन THB करून खरी बाथाची रक्कम पाहायची, ती तिथे टाकायची, बँकेच्या फीच्या जागी 4.13 टाकायचे, म्हणजे जीएसटीही आला. येणारा आकडा म्हणजे बाथात भरल्याचा खर्च. मग साइटवर चलन INR करायचं, आणि बारीक ओळ खरंच INR म्हणत असेल तरच तो आकडा दुसऱ्या बाजूला धरायचा, एक टक्क्याची फी मिळवून.

दारव्हेकरांनाही त्या पानाचा उपयोग आहे. फी शून्य टाकून वसुलीच्या तारखेचा दर काढा, 2.64 च्या जवळ यायला हवा. बराच जास्त आला तर मध्ये आणखी कोणीतरी दर लावला आहे. स्टेटमेंटवरची तारीख एखाद दिवस मागेपुढे असते, म्हणून आजूबाजूच्या दोन तारखाही पाहा.

---

दारव्हेकर_27

ताई, पैज जिंकलात. मेलमध्ये खाली लिहिलेलं आहे, ‘You will be charged in THB’. मी वाचलं नव्हतं.

दराचे 720 गेले ते समजलं, त्यावर तक्रार नाही. पण मार्कअपचे 1,108.80 आणि जीएसटी बँकेकडून मागता येतील का? सेवा घेतलीच नाही ना मी.

---

अकोल्याचा_हिशोबी

मागा, जरूर मागा. मला एका बँकेनं मार्कअप परत दिला होता, फोनवर मागितल्यावर. आधी बँकेच्या तक्रार कक्षाला लेखी द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही.

---

जुना_कॅशियर

मागायला हरकत नाही, पण मिळेलच असं धरून चालू नका. अटींमध्ये ‘रिफंड झाल्यास मार्कअप परत मिळणार नाही’ असं बहुतेक बँका लिहितात. लिहिलेलं असेल तर लोकपालही काय करणार? लिहिलेलं नसेल तर तुमची बाजू जड. हिशोबींना मिळाला तो बँकेनं राजीखुशीनं दिला असेल. आधी आपल्या कार्डाच्या अटी उघडा आणि ‘refund’ हा शब्द शोधा.

अटी पाहताना आणखी एक बघा. काही बँका येणाऱ्या रिफंडवरही मार्कअपचा हिशोब लावतात. तुमच्या बँकेनं लावलेला दिसत नाही, 30,960 ला 12,000 नं भागलं तर सरळ 2.58 येतो. तो दर 4 ऑगस्टच्या जाळ्याच्या दराशी ताडून बघा. जाळ्याचा दर 2.67 असेल आणि तुम्हाला 2.58 नं मिळाले असतील तर मग मात्र विचारा.

---

अकोल्याचा_हिशोबी

अटीत लिहिलं म्हणजे न्याय्य झालं असं नाही काका. रक्कम परत आली तर तिच्यावरची फी पण यायला हवी, यावर माझं मत बदलणार नाही.

---

मोर्शीचा_संत्रेवाला

एक शंका. समजा हॉटेलनं एक रात्र कापली असती, तर ती कशी ओळखायची? दर आणि कापणी दोन्ही एकत्र आले तर गोंधळच.

---

जुना_कॅशियर

नाही होत गोंधळ, बाथात मोजलं तर. तीन खोल्या, चार रात्री, 12,000 बाथ, म्हणजे एका रात्रीचे तीन खोल्यांचे 3,000. एक रात्र कापली असती तर रिफंडच्या ओळीत THB 9,000.00 आलं असतं. 2.58 नं 23,220 रुपये. रुपयात पाहणारा म्हणाला असता 32,988 मधले 9,768 कापले, हॉटेलनं लुटलं. प्रत्यक्षात हॉटेलनं 3,000 बाथ, म्हणजे त्या दरानं 7,740 रुपये ठेवले, बाकीचे 2,028 तेच जुने, दराचे आणि बँकेचे. हॉटेलशी वाद 3,000 बाथांवरच घालायचा.

काही बँका स्टेटमेंटवर परकी रक्कम छापत नाहीत, नुसते रुपये. तेव्हा ॲपमध्ये त्या व्यवहारावर बोट ठेवून तपशील उघडा, किंवा बँकेला मूळ चलनातली रक्कम विचारा.

---

गडचिरोली_नेट

मेल मिळाली, बँकेत दिली. चार दिवस म्हणाले. कॅशियर काका, एक राहिलं. माझ्याच डेबिट कार्डावर मागच्या वर्षीच्या एका परदेशी व्यवहारात मार्कअपवरच्या जीएसटीशिवाय ‘चलन बदलावरचा जीएसटी’ म्हणून आणखी 45 रुपये कापलेले दिसतात. हे काय? ते रिफंडसोबत येतात का?

---

जुना_कॅशियर

काही बँका चलन बदलाच्या सेवेचं मूल्य वेगळं धरून त्यावर जीएसटी घेतात. लाखापर्यंतच्या रकमेला ते मूल्य एक टक्का, पण कमीत कमी 250 रुपये. 250 चे 18 टक्के म्हणजे तुमचे 45. व्यवहार 25,000 च्या आत असेल तर 45 च येणार, त्याच्यावर असेल तर वाढत जाणार. छोट्या बुकिंगला हे टोचतं: दोन हजारांच्या खोलीवर 45 म्हणजे सव्वादोन टक्के नुसत्या या ओळीचे.

रिफंडसोबत परत आलेले मी पाहिलेले नाहीत. कोणाला आले असतील तर स्टेटमेंटची ओळ इथे टाका.